दुप्पट म्हणजे किती? स्लाइडवरचा आकडा आणि त्याचा संदर्भ

ऑक्टोबर १९९५मध्ये ब्रिटनमधल्या औषध सुरक्षा समितीने डॉक्टर आणि औषधविक्रेत्यांना एक इशारा दिला. बाजारात नव्याने आलेल्या, तिसऱ्या पिढीच्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गर्भनिरोधक गोळ्यांमुळे शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका आधीच्या गोळ्यांच्या तुलनेत सुमारे दुप्पट होतो, असा तो इशारा होता. बातम्यांमधून ‘दुप्पट’ हा शब्द घरोघरी पोहोचला. घाबरलेल्या अनेक महिलांनी गोळ्या घेणेच थांबवले. नको असलेल्या गर्भधारणा वाढल्या आणि पुढच्या वर्षी इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे १३,००० गर्भपात जास्त झाल्याचा अंदाज आहे.

समितीने सांगितलेला आकडा खोटा नव्हता. जुन्या गोळ्या घेणाऱ्या दर ७,००० महिलांपैकी वर्षाला साधारण एकीला अशी गुठळी होत असे, नव्या गोळ्यांमुळे ती संख्या दोनवर गेली. म्हणजे धोका खरोखरच दुप्पट झाला, पण वाढ झाली ती ७,००० जणींमागे एकीची. लोकांना ‘दुप्पट’ तेवढे ऐकू गेले, ‘कशाच्या दुप्पट’ हे पोहोचलेच नाही.

हीच माहिती एखाद्या सभेत स्लाइडवर मांडायची आहे असे समजू. सहज सुचणारी स्लाइड अशी असेल: वर ठळक अक्षरांत ‘धोक्यात १०० टक्के वाढ’ आणि खाली दोन खांब, एक दुसऱ्याच्या दुप्पट उंच. या आलेखात तांत्रिक चूक काढता येणार नाही. अक्ष शून्यापासून सुरू होतो, खांबांची उंचीही बरोबर आहे. तरीही तो दिशाभूल करतो, कारण १,००० वरून २,००० झाले काय आणि १ वरून २ झाले काय, चित्र तेच दिसते. मूळ धोका किती होता, हे या स्लाइडवर कुठेच नाही.

आता ती दुरुस्त करू. मथळ्यात टक्केवारीऐवजी माणसे मोजू: ‘७,००० महिलांमागे वर्षाला एकीऐवजी दोघींना गुठळी’. यात किती जणींपैकी, किती काळात आणि आधी किती, हे तिन्ही एका ओळीत आले.

मात्र एवढ्यावर काम संपत नाही. गोळी बंद करणाऱ्या बाईपुढे पर्याय कोणता, हेही दिसले पाहिजे. त्या वेळच्या अंदाजानुसार गोळी न घेणाऱ्या आणि गरोदर नसलेल्या महिलांमध्ये एक लाखामागे वर्षाला सुमारे ५ जणींना गुठळी होत असे. जुन्या गोळ्यांवर सुमारे १५ जणींना, नव्या गोळ्यांवर ३० जणींना, तर गरोदरपणात ६० जणींना. हे चार आकडे एकाखाली एक ठेवले की कळते, ज्या गुठळीच्या भीतीने गोळी सोडली, तिचा धोका गरोदरपणात आणखी मोठा होता.

चौघींची तुलना करायची तर छेदही एकच हवा. ‘२०,००० मध्ये एक’ आणि ‘७,००० मध्ये एक’ असे शेजारीशेजारी लिहिले, तर घाईत वाचणाऱ्याला २०,००० हा मोठा आकडा म्हणजे मोठा धोका वाटतो. म्हणून सगळीकडे ‘एक लाखामागे’ ठेवावे आणि मथळाही त्याच मापात बदलावा: ‘एक लाख महिलांमागे वर्षाला १५ ऐवजी ३० जणींना गुठळी’. खाली खांबांऐवजी चार ओळींचा साधा तक्ता पुरतो.

मग ‘दुप्पट’ हा शब्द काढूनच टाकायचा का? नाही. दोन गोळ्यांमधून एक निवडणाऱ्या डॉक्टरला तो उपयोगी आहे. शिवाय लाखामागे १५ ही वाढ एका बाईसाठी लहान असली, तरी दहा लाख महिला ती गोळी घेत असतील तर वर्षाला १५० जणींना गुठळी जास्त होईल. निव्वळ लहान आकडा दाखवून धोका झाकणे हीसुद्धा दिशाभूलच. म्हणून तक्ता आणि ‘दुप्पट’ हे दोन्ही एकाच स्लाइडवर हवेत.

एकाच स्लाइडवर, हे महत्त्वाचे. ‘मूळ धोका मी बोलताना सांगेन’ किंवा ‘पुढच्या स्लाइडवर आहे’ असे म्हणून भागत नाही. श्रोते मोबाइलवर एका स्लाइडचा फोटो काढतात, तो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो आणि वक्त्याचे बोलणे सभागृहातच राहते. तळाशी बारीक अक्षरांत दिलेली टीप तर मागच्या रांगेतून दिसतही नाही.

स्लाइड जमली की नाही, हे सभेआधीच तपासता येते. विषय माहीत नसलेल्या एखाद्या व्यक्तीला ती अर्धा मिनिट दाखवा, मग झाकून विचारा: ‘एक लाखातल्या किती जणींना हा त्रास होतो? आधी किती जणींना व्हायचा?’ दोन्ही उत्तरे नीट आली, तरच ती स्लाइड लोकांपुढे न्या. नुसते ‘दुप्पट झाला’ एवढेच उत्तर आले, तर मथळा पुन्हा लिहा.