पेपरची आधी परीक्षा

पेपर काढणारे शिक्षक तो एकदा स्वतः सोडवून बघतात आणि त्यांना लागलेल्या वेळाच्या तिप्पट वेळ मुलांना देतात. शाळाशाळांतून चालत आलेला हा हिशोब अगदीच वाईट नाही, पण त्यात एक गोची आहे. प्रश्न ज्यानं लिहिला, त्याला तो वाचावा लागत नाही. काय विचारायचं होतं ते त्याच्या डोक्यात आधीच असतं, त्यामुळे कागदावर नेमकं काय उतरलंय हे त्याच्या नजरेला पडेलच असं नाही. त्यासाठी पेपर छापायला देण्याआधी दहा-बारा मुलांकडून सोडवून घ्यायचा. मुलांचे गुण काढणं हा त्याचा उद्देश नसतो. तपासला जातो तो पेपर.

सातवीच्या गणिताचा, ४० गुणांचा, दोन तासांचा पेपर उदाहरणादाखल घेऊ. म्हणजे गुणामागे तीन मिनिटं. चाचणीला बारा मुलं बसवायची: चार चटपटीत, चार मधली आणि चार अशी, की ज्यांचं लिहिणं संथ आहे. नुसती हुशार मुलं बसवली तर पेपर हमखास वेळेत संपतो आणि चाचणी फुकट जाते. ज्यांना पुढे हाच पेपर द्यायचा आहे ती मुलं अर्थातच चालणार नाहीत. मग शेजारच्या शाळेशी अदलाबदल करावी, नाहीतर नुकतीच आठवीत गेलेली मुलं घ्यावीत. आठवीची मुलं वर्षानं मोठी, हात थोडा जलद. तेवढी सूट हिशोबात धरायची. प्रत्येक प्रतीवर क्रमांक घालायचा आणि शेवटी कच्च्या कागदांसकट सगळं मोजून परत घ्यायचं. पेपर फुटण्याची धास्ती असेल तर प्रश्न दोन गटांत वाटून देता येतात, पण मग शब्दांचे घोळ कळतात आणि पूर्ण पेपरला किती वेळ लागतो ते कळत नाही. अमेरिकेतल्या सॅटसारख्या मोठ्या परीक्षा खऱ्या पेपरातच काही गुण नसलेले नवे प्रश्न मिसळतात आणि ते कोणते हे उमेदवाराला सांगत नाहीत. शाळेला हा मार्ग नाही.

वेळ मोजायची युक्ती सोपी आहे. दर पंधरा मिनिटांनी पर्यवेक्षकांनी ‘रेघ’ म्हणायचं. ज्यानं त्यानं जिथे लिहीत असेल तिथे आडवी रेघ मारून पुढे लिहीत राहायचं. नंतर बारा उत्तरपत्रिका शेजारी शेजारी मांडल्या की दोन रेघांमध्ये कुठे भरभर मजकूर आहे आणि कुठे सगळ्यांची गाडी अडली ते दिसतं.

आमच्या उदाहरणात ती भौमितिक रचनेपाशी अडते. प्रश्न तीन गुणांचा: त्रिकोण ABC काढा, AB ६ सेंमी, AC ५ सेंमी, कोन A १४० अंश, तिन्ही बाजूंचे लंबदुभाजक काढा. गुणांप्रमाणे याला नऊ मिनिटं मिळतात, पण रेघा सांगतात की बहुतेकांचा पाव तास इथेच गेला. कारण उत्तरपत्रिकेवरच्या खाडाखोडीत सापडतं. विशालकोन त्रिकोणाचे लंबदुभाजक त्रिकोणाच्या बाहेर मिळतात. या मापांत AB पाया धरला तर त्रिकोणाची उंची जेमतेम ३.२ सेंमी भरते, आणि दुभाजक मिळतात ते AB च्या वर जवळपास साडेसात सेंमीवर. मुलांनी आधीच्या उत्तराच्या लगेच खाली आकृती काढली होती. दुभाजक वर सरकत त्या उत्तराच्या मजकुरात घुसले, मग सगळं खोडून नव्या पानावर पुन्हा पहिल्यापासून. शिक्षकांनी स्वतः सोडवताना कोरा कागद घेतला होता, म्हणून त्यांना हे जाणवलंच नाही. कोन ११० अंशांचा केला की दुभाजक AB च्या वर पावणेचार सेंमीवर मिळतात, म्हणजे त्रिकोणाच्या उंचीच्या आतच, आणि तरीही त्रिकोणाबाहेर. जे तपासायचं होतं ते तसंच राहतं आणि जागेचा खेळ संपतो.

शब्दांच्या चुका मात्र घड्याळात दिसत नाहीत, त्या चुकीच्या उत्तरांत दिसतात. याच पेपरात प्रश्न होता: ‘६० मीटर लांब व ३० मीटर रुंद शेताला तारेचे तिहेरी कुंपण घालण्यास किती तार लागेल?’ परिमिती १८०, तिप्पट केली की ५४० मीटर. एखाद्यानं १८० लिहिलं तर तो घाईत तिप्पट करायला विसरला असेल. पण कुणी १५० लिहितं, कुणी १२०, तेव्हा थांबायला हवं. ६०, ६० आणि ३० मिळून १५०. ६०, ३० आणि ३० मिळून १२०. म्हणजे मुलांनी शेताच्या तीनच बाजूंना कुंपण घातलं! गणित चोख, वाचन वेगळं. म्हणून पेपर संपल्यावर मुलांना लगेच घरी सोडायचं नाही. एकेकाला बाजूला घेऊन ‘इथे काय विचारलंय ते तुझ्या शब्दांत सांग’ एवढंच म्हणायचं. ‘समजलं का?’ असं विचारू नये, त्याला मुलं मान डोलावतात. शिक्षकानं अर्थ सांगून टाकायचा मोहही आवरावा. प्रश्न नंतर असा होतो: ‘शेताभोवती तारेचे तीन वेढे द्यायचे आहेत. एकूण किती मीटर तार लागेल?’ ‘तिहेरी’ यायला हवं असा आग्रह कुणी धरेल, आणि तो रास्तही आहे, पण त्याची जागा मराठीच्या पेपरात.

दुसरा नेहमीचा सापळा नकाराचा. ‘पुढीलपैकी कोणती संख्या मूळ नाही?’ पर्याय २३, २९, ५१, ५३. उत्तर ५१, कारण ते ३ गुणिले १७. ज्याला हे सुचत नाही तो अडखळतो, खोडतो, पर्याय बदलतो. पण न अडखळता पहिल्याच २३ वर खूण करून पुढे गेलेली तीन-चार मुलं निघाली, तर त्यांनी ‘नाही’ वाचलेलंच नसण्याची दाट शक्यता. ‘नाही’ ठळक छापायचं, अधोरेखित करायचं, किंवा प्रश्नच सरळ करायचा.

बारा मुलांकडून यापलीकडे फार मागू नये. एका मुलाचं उत्तर बदललं की टक्केवारी आठनं हलते, तेव्हा ‘हा प्रश्न ६० टक्के मुलांना येतो’ असली काठिण्याची विधानं इतक्याशा गटावरून करणं म्हणजे स्वतःचीच फसवणूक. शिवाय इथे गुण मिळणार नसतात. काही मुलं अवघड प्रश्न सोडून देऊन लवकर उठतात आणि पेपर आहे त्यापेक्षा छोटा वाटतो. म्हणून वेळ ठरवताना कोरे सोडलेले प्रश्न आधी मोजावेत. माझ्या मते बारातल्या दहा जणांचा सगळा पेपर ११० मिनिटांत लिहून झाला तर वेळ बरोबर बसली. त्याहून जास्त लागत असेल तर वेळ वाढवण्यापेक्षा एखादा प्रश्न काढावा.

दुरुस्त केलेले प्रश्न नव्या तीन-चार मुलांना पुन्हा दाखवायचे, कारण सुधारलेल्या वाक्यातही नवी खोच राहू शकते. आणि शेवटची फेरी हस्तलिखितावर नव्हे, छपाईला जाणाऱ्या प्रतीवर घ्यायची. २०२३ च्या फेब्रुवारीत बारावीच्या इंग्रजीच्या पेपरात कवितेच्या विभागात प्रश्नांच्या जागी परीक्षकांसाठीचा मजकूर छापला गेला आणि राज्य मंडळाला त्यापोटी सहा गुण द्यावे लागले. तो घोळ पकडायला बारा मुलंही लागली नसती. छापील प्रत हातात घेऊन पहिल्या प्रश्नापासून सोडवायला बसलेलं एकच माणूस पुरलं असतं.