दहा दिवसांच्या रजेत तास किती?

ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावर क्लेअरमॉन्ट इथे कॅडबरीचा चॉकलेट कारखाना आहे. कारखाना माँडेलीझ कंपनीच्या मालकीचा. तिथल्या दोन कामगारांच्या आजारपणाच्या रजेवरून सुरू झालेला वाद ऑगस्ट २०२० मध्ये थेट देशाच्या सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला. प्रश्न साधा वाटावा असा होता : कायदा वर्षाला 'दहा दिवस' पगारी रजा देतो, तर त्यातला एक दिवस किती तासांचा?

हे कामगार आठवड्याला सरासरी ३६ तास काम करत, पण १२ तासांच्या तीन पाळ्यांत. कारखान्याच्या करारानुसार त्यांना वर्षाला ९६ तास रजा मिळे आणि एक पाळी चुकली की शिलकीतून १२ तास वजा होत. म्हणजे आठ पाळ्यांत रजा संपली. कामगारांचं म्हणणं, कायद्यात दहा दिवस लिहिलेत, मग दहा पाळ्यांची सुट्टी द्या. त्याचे १२० तास होतात. २०१९ मध्ये फेडरल कोर्टाच्या पूर्णपीठाने हे मान्य केलं.

सर्वोच्च न्यायालयाने मात्र चार विरुद्ध एक मतांनी निकाल फिरवला. बहुमताच्या मते कायद्यातला 'दिवस' हा कॅलेंडरवरचा नव्हे, हिशेबाचा : पंधरवड्यातल्या नेहमीच्या कामाच्या तासांचा दहावा भाग. ३६ तासांच्या आठवड्यात तो ७.२ तासांचा होतो आणि वर्षाची किमान रजा ७२ तासांची. पाच दिवस रोज ७.२ तास काम करणारा यात दहा दिवस घरी राहू शकतो, तर १२ तासांच्या पाळीवाला सहा पाळ्या. आकडे वेगळे, पण दोघांनाही दोन आठवडेच मिळतात. उलट प्रत्येक पाळीला एक दिवस धरला, तर आठवड्यातून एकदाच येणाऱ्यालाही दहा पाळ्या द्याव्या लागतील, म्हणजे दहा आठवडे. ही तफावत बहुमताला पटली नाही. आजारी पडलेल्याला मात्र, घरी राहिलेल्या पाळ्याच मोजाव्या लागतात, हे दुखणं या युक्तिवादाने मिटत नाही.

तासांचा हिशेब एकदा स्वीकारला, की एक गोष्ट सांभाळावी लागते. रजा घेतली त्या दिवशी वेळापत्रकात जितके तास होते तितकेच वजा करायचे. नेहमीची पाळी किती तासांची, हे इथे पाहायचं नाही. समजा, एका कामगाराची पाळी एरवी १२ तासांची, पण रविवारी ८ तासांची. रविवारी रजा घेतली तर ८ तास जावेत. संगणकावर त्याची 'एक पाळी = १२ तास' अशी नोंद असेल, तर चार तास गुपचूप जास्त कापले जातात. उलट एखाद्या दवाखान्यात ८ तासांची पाळी करणाऱ्याने १२ तासांच्या बदली पाळीच्या दिवशी रजा घेतली आणि ८ तासच वजा झाले, तर चार तास कमी कापले जातात. पुढे ही चूक लक्षात आली, की त्याचीच शिल्लक अचानक घटते. जेवणाच्या सुट्टीचा पगार मिळत नसेल, तर ती सुट्टीही वजा होणाऱ्या तासांत धरू नये.

रात्रपाळीत आणखी एक घोळ होतो. रात्री सातला सुरू होऊन सकाळी सातला संपणाऱ्या पाळीचे पाच तास एका तारखेला पडतात, सात दुसऱ्या तारखेला. तारखेनुसार मोजणारी यंत्रणा याला दोन दिवसांची रजा समजते. हा घोळ ओळखायला फार कष्ट नकोत : रजेच्या पाळ्यांचे पगारी तास जोडायचे आणि पगारपत्रकावर कमी झालेल्या शिलकीशी ताडून पाहायचे.

आपल्याकडे रजा दिवसांत मिळते आणि दिवसांतच जाते. १९४८ च्या कारखाना कायद्यात २० दिवस कामामागे एक दिवस पगारी रजा होती, पण त्यासाठी वर्षात २४० दिवस काम झालेलं असावं लागे. आठ तासांची पाळी सहा दिवस करणाऱ्याला हे अवघड नव्हतं. पण २०२५ मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने कारखान्यातल्या रोजच्या कामाची मर्यादा ९ वरून १२ तासांवर न्यायला मान्यता दिली. बारा तासांच्या चार पाळ्यांत आठवड्याचे ४८ तास भरतात, पण वर्षात कामाचे दिवस जेमतेम २०८ होतात. जुन्या २४० दिवसांच्या अटीत असा माणूस, तास तेवढेच भरूनही, बसला नसता. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या केंद्राच्या नव्या संहितेत ही अट १८० दिवसांवर आली, त्यामुळे तो रजेला पात्र ठरतो. वीस दिवसांमागे एक या दराने त्याला सुमारे दहा दिवस मिळतात, सहा दिवस येणाऱ्याला पंधरा-सोळा. तासांत मोजलं तर दोघांची रजा जवळपास सारखीच, १२० तासांच्या आसपास. फरक पडतो तो बारा तासांच्या कामगाराने एखाद्या छोट्या पाळीच्या दिवशी रजा टाकली तर : सहा तासांसाठीही त्याचा अख्खा दिवस जातो.