पाणी कमी आलं म्हणून लगेच ॲसिड नको

पट्टुकोट्टैहून समुद्राकडे जाताना तंजावर जिल्ह्यातलं बोअरचं पाणी खारट होत जातं. तिथल्या एका गावातल्या सामुदायिक आरओ प्लांटवर लोक २० लिटरचे कॅन भरून नेतात. प्लांट ताशी १००० लिटरचा, चार मेम्ब्रेन एकामागे एक जोडलेली. ऑपरेटरची वही नमुनेदार आहे: रोज गोड्या पाण्याचा प्रवाह, त्याचा टीडीएस, पहिल्या मेम्ब्रेनआधीचा व शेवटच्यानंतरचा दाब आणि टाकीतल्या पाण्याचं तापमान.

पावसाळी दिवसांत प्रवाह ८७० वर आला, तरी त्याने हात लावला नाही. पाणी ३० अंशांवरून २८ वर उतरलं होतं, आणि अंशामागे प्रवाह साधारण ३ टक्के घटतो. म्हणजे निम्मी घट थंडाव्याची. पुढे पाणी पुन्हा ३० अंशांवर आलं तरी प्रवाह ८५० वरच राहिला, टीडीएस ६० वरून ७५ झाला. आता मात्र धुणं भाग होतं. स्थिर तापमान आणि दाबाला प्रवाह १० ते १५ टक्के घटला, की त्यापुढे थांबू नये. थर घट्ट बसतो.

पण कशाने धुवायचं? दोन्ही टोकांच्या दाबातला फरक फारसा वाढला नव्हता आणि शेवटच्या मेम्ब्रेनचं पाणीच बिघडलं होतं, म्हणजे चुन्याचा थर. फरक वाढून त्रास पहिल्या मेम्ब्रेनपासून असता, तर गाळ किंवा जंतूंचा बुळबुळीत थर. त्याला आधी कॉस्टिक लागतं. तिथे आधी ॲसिड घातलं तर थर आणखी घट्ट होऊ शकतो.

प्लांटच्याच १०० लिटर गोड्या पाण्यात २ किलो सायट्रिक ॲसिड विरघळवलं. ते मेम्ब्रेनमधून सोडून परत आलेलं पहिलं गढूळ पाणी फेकून दिलं. मग कमी दाबाने अर्धा तास फिरवलं, तासभर भिजत ठेवलं, पुन्हा फिरवलं. चुना विरघळताना पीएच चढतो. तो चढला की ॲसिड वाढवायचं, चढायचा थांबला की काम संपलं. नंतर भरपूर धुऊन सुरुवातीचं पाणी वाया घालवलं. प्रवाह ९६० वर आला.

मेम्ब्रेन बदलायची वेळ कधी? कॉस्टिक आणि ॲसिड दोन्ही देऊनही प्रवाह परतत नाही, किंवा धुण्यामधलं अंतर आखडत जातं, तेव्हा. प्रवाह वाढला आणि टीडीएसही चढला, तर बहुधा क्लोरीनने मेम्ब्रेन खाल्लंय. ते कितीही धुतलं तरी सुधारत नाही. मात्र एकाच हाउसिंगचा टीडीएस चढला असेल, तर आधी ओ-रिंग पाहा. काही रुपयांच्या रबरासाठी अख्खं मेम्ब्रेन फेकू नका.