ना बुटका, ना लांब : टॉवरच्या पायाचे गणित

वणीहून यवतमाळकडे यायला निघाले की कपाशीच्या वावरांमधून विजेचे टॉवर दिसू लागतात. चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्रातली वीज पश्चिमेकडे नेणाऱ्या उच्चदाबाच्या लाइनी याच मुलखातून जातात. टॉवरच्या चार पायांमध्ये कापूस वेचला जातो, बैल बांधले जातात, डबा सोडला जातो. वरच्या तारांची भीती सगळ्यांना असते. पाय म्हणून उभ्या असलेल्या लोखंडी अँगलकडे मात्र कोणी बघत नाही. तो अँगल किती भार घेऊ शकतो, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. अभियंत्यांना त्याचे समाधानकारक उत्तर मिळायला 1889 ते 1947 एवढा काळ लागला.

वारा सुटला की टॉवर एका बाजूला ढकलला जातो. वाऱ्याकडचे दोन पाय ताणले जातात आणि आडोशाकडच्या दोन पायांवर दाब येतो. ताणाचा हिशेब सरळ आहे. पोलाद ज्या ताणाला सैल पडते तो आकडा घ्यायचा आणि त्याला अँगलच्या छेदाच्या क्षेत्रफळाने गुणायचे. दाबाचे तसे नाही. वाळलेल्या पऱ्हाटीची हातभर काडी दोन तळव्यांत धरून दाबली तर ती मधूनच बाहेर बाक घेते. तिचाच बोटभर तुकडा मात्र कितीही दाबला तरी वाकत नाही. माल तोच, जाडी तीच, फरक फक्त लांबीचा. असे बाक घेऊन निकामी होण्याला अभियंते बकलिंग म्हणतात.

लांब खांबाचे गणित लिओनार्ड ऑयलरने 1744 मध्येच मांडून ठेवले होते. खांबाची आधाराविना असलेली लांबी घ्यायची आणि तिला छेदाच्या भ्रमण त्रिज्येने भागायचे. जो आकडा येतो तो खांबाचा सडपातळपणा. त्याला λ म्हणू. ऑयलरच्या सूत्रानुसार खांब ज्या दाबाला वाकतो तो असा :

σ = π²E / λ²

यातला E म्हणजे पोलादाचा ताठरपणा, सुमारे 2,00,000 मेगापास्कल. या सूत्रात पोलादाची मजबुती कुठेच येत नाही. लांब खांब तुटून किंवा चिरडून जात नाही, तो नुसता वाकतो, आणि वाकण्याला विरोध करतो तो ताठरपणा.

आता टॉवरच्या पायाचा एक नमुना घेऊ. 100 × 100 × 8 मिलिमीटरचा अँगल आहे. छेदाचे क्षेत्रफळ 1539 चौरस मिलिमीटर, सर्वांत कमी भ्रमण त्रिज्या 19.5 मिलिमीटर. बाजूच्या लहान अँगलांनी त्याला दर 1.56 मीटरवर धरून ठेवले आहे. म्हणजे λ झाला 80. पोलाद साधे, 250 मेगापास्कलला सैल पडणारे. ऑयलरच्या सूत्रात हे आकडे घातले की दाब येतो 308 मेगापास्कल आणि भार येतो सुमारे 48 टन. इथेच गडबड आहे. पोलाद 250 ला सैल पडते, तेव्हा अँगल फार तर 39 टन घेईल. म्हणजे ऑयलरचे उत्तर पोलादाच्याच कुवतीबाहेरचे निघाले.

मग 39 टन हे उत्तर धरावे का? तेही चूक ठरते. असे अँगल यंत्रात घालून दाबले की ते त्याच्या बरेच आधी बाक घेतात. हा अँगल बुटका नाही, लांबही नाही. तो मधल्या गटातला आहे, आणि टॉवरचे पाय, पुलांच्या कैच्या, शेडचे खांब यांतले बहुतेक याच गटात मोडतात.

ही गोष्ट किती महाग पडू शकते ते 1891 मध्ये स्वित्झर्लंडमध्ये दिसले. बासेलजवळ म्युन्शनस्टाइन इथला रेल्वेपूल 14 जून रोजी गाडीखाली कोसळला आणि सत्तरहून अधिक माणसे गेली. तपास करणाऱ्यांत झुरिकचे प्राध्यापक लुडविग फॉन टेटमायर होते. आखूड दांड्यांना ऑयलरचे सूत्र लागू पडत नाही, हे त्यांनी प्रयोगांतून दाखवले आणि अशा दांड्यांसाठी प्रयोगांवरून एक सरळ रेषेचे सूत्र दिले. सूत्र कामाचे होते, पण दांडी लवकर का वाकते ते त्यातून कळत नव्हते.

ते कारण शोधायची वाट जर्मन अभियंता फ्रिड्रिख एंगेसर याने 1889 मध्येच सुचवली होती. पोलादाचा तुकडा दाबत जाऊन दाब आणि आखडणे यांचा आलेख काढला की सुरुवातीला सरळ चढण दिसते. त्या चढणीचा उतार म्हणजे E. पुढे आलेख वाकू लागतो आणि तेवढ्याच जादा दाबाला तुकडा अधिक आखडतो. या वाकलेल्या भागात एखाद्या बिंदूवर स्पर्शरेषा काढली तर तिचा उतार E पेक्षा कमी भरतो. हाच स्पर्शी मापांक, म्हणजे टँजंट मॉड्युलस. एंगेसरचे म्हणणे असे की खांब वाकायच्या क्षणी पोलाद या बिंदूवर उभे असेल, तर वाकण्याला विरोध करणारा ताठरपणाही त्या बिंदूवरचाच धरला पाहिजे. सूत्र तेच ठेवायचे, फक्त E च्या जागी Eₜ घालायचा.

साध्या पोलादाचा आलेख 250 पर्यंत सरळच असतो आणि मग एकदम आडवा होतो, मग वाकलेला भाग आला कुठून, असा प्रश्न इथे पडतो. त्याचे उत्तर रोलिंग मिलमध्ये आहे. लाल तापलेला अँगल बाहेर पडला की पात्यांच्या कडा आधी गार होतात आणि बाकीचा भाग मागाहून. मागाहून गार होणारा भाग आकसताना आधीच घट्ट झालेल्या कडांना दाबून ठेवतो. त्यामुळे भार यायच्या आधीच कडांमध्ये दाब साठून राहतो. टॉवरवर वारा आला की या कडा सर्वांत आधी सैल पडतात, आणि वाकणे रोखण्याचे मुख्य काम त्यांच्याकडेच असते. संपूर्ण छेदाचा सरासरी आलेख म्हणून 250 च्या बराच आधी वाकायला लागतो. विसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेतल्या लीहाय विद्यापीठात खांबांवरच्या प्रयोगांतून हे नीट उलगडले. त्यावरून व्यवहारासाठी ठरवलेल्या वक्रात अर्ध्या मजबुतीपर्यंत, म्हणजे 125 मेगापास्कलपर्यंत आलेख सरळ धरतात आणि त्यापुढे ताठरपणा उतरत जातो असे मानतात.

आपल्या अँगलचे उत्तर आता काढता येते. दाब 150 असेल तेव्हा ताठरपणा मूळच्या 96 टक्के उरतो. तेवढ्या ताठरपणाला खांब 296 ला वाकेल, म्हणजे 150 ला धोका नाही. दाब 225 धरला तर ताठरपणा 36 टक्क्यांवर येतो आणि खांब 111 लाच वाकायला हवा. याचा अर्थ 225 पर्यंत तो पोचणारच नाही. या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी दोन आकडे एकमेकांना भेटतात. 199 मेगापास्कलला ताठरपणा 65 टक्क्यांच्या किंचित खाली असतो, आणि तेवढ्या ताठरपणाला वाकण्याचा दाबही 199 च येतो. भार झाला सुमारे 31 टन. ऑयलरचे 48 आणि पोलादाचे 39, दोन्ही आकडे त्यापुढे फसवे ठरतात.

पारेषण टॉवरसाठीचे भारतीय मानक, आयएस 802, नेमका हाच हिशेब एका ओळीच्या सूत्रात देते. 250 मेगापास्कलच्या पोलादासाठी λ सुमारे 126 च्या वर असेल तर ऑयलर, खाली असेल तर हे सूत्र. 126 हा आकडाही मनाने घेतलेला नाही. ऑयलरचा वक्र 125 मेगापास्कलला जिथे येऊन मिळतो, तिथला तो सडपातळपणा आहे. इमारतींसाठीचे आयएस 800 याहून वेगळ्या वाटेने जाते. खांब मुळातच किंचित वाकडा असतो हेही ते हिशेबात धरते, म्हणून त्याचे आकडे आणखी कमी येतात.

एंगेसरच्या कल्पनेवर लगेच आक्षेप आला. वाकताना खांबाची एक बाजू अधिक दाबली जाते, तर दुसरीवरचा दाब थोडा सुटतो. सुटणाऱ्या बाजूचे पोलाद पुन्हा पूर्ण E च्या ताठरपणाने वागते. मग दोन्ही बाजूंना कमी ताठरपणा का लावायचा? आक्षेप रास्त होता. एंगेसरने तो मान्य करून सुधारित सिद्धांत मांडला आणि 1910 मध्ये थिओडोर फॉन कार्मानने तो प्रयोगांसह पक्का केला. त्याने भार जास्त येत होता आणि तर्कात खोट दिसत नव्हती. तरीही प्रयोगशाळेतले खांब हट्टाने जुन्या, चुकीच्या म्हणवल्या गेलेल्या आकड्याजवळच वाकत राहिले.

हा गुंता अमेरिकेतल्या एफ. आर. शॅन्ली या विमान अभियंत्याने 1947 मध्ये सोडवला. खांब एका क्षणापर्यंत सरळ राहतो आणि मग भार तसाच असताना अचानक वाकतो, असे सगळ्यांनी गृहीत धरले होते. शॅन्लीने दाखवले की भार वाढत असतानाच वाकणे सुरू होऊ शकते. तसे झाले तर वाढत्या भारामुळे दुसऱ्या बाजूचा दाब सुटतच नाही आणि तिला जादा ताठरपणा मिळायचा प्रश्नच उरत नाही. वाकायला सुरुवात होते ती स्पर्शी मापांकाच्या भाराला. त्यापुढे थोडा भार चढतो, पण कार्मानचा आकडा गाठण्याआधी खांब हात टेकतो. पहिला एंगेसर व्यवहारात बरोबर निघाला, त्याचे कारण मात्र त्यालाही सापडले नव्हते.

या हिशेबातून एक अनपेक्षित गोष्ट निघते. 250 ऐवजी 350 मेगापास्कलचे महागडे पोलाद वापरले तर मजबुती 40 टक्क्यांनी वाढते. λ 80 असताना पायाचा भार मात्र 26 टक्क्यांनीच वाढून सुमारे 39 टन होतो. λ 120 असेल तर फायदा जवळजवळ शून्य, कारण तिथे मजबुतीला नव्हे, ताठरपणालाच किंमत आहे, आणि तो दोन्ही पोलादांचा सारखाच. म्हणून चांगले पोलाद घ्यायचे तर आधार एकमेकांच्या जवळ द्यावे लागतात.

हे आधार म्हणजे पायाला ठिकठिकाणी जोडलेले बारीक अँगल. टॉवरच्या मूळ भारगणितात त्यांच्यावर शून्य भार दाखवलेला असतो. पायातल्या भाराच्या साधारण अडीच टक्के बळ त्यांनी झेलावे एवढ्याच बेताने ते निवडतात. आपल्या उदाहरणात ते पाऊण टनाच्या आसपास जाते. भंगारासाठी चोरीला जातात ते बहुधा हेच, जमिनीजवळचे आणि दोन-तीन बोल्ट सोडले की निघणारे. एका टप्प्यावरचा दोन्ही बाजूंचा आधार गेला की लांबी 3.12 मीटर आणि λ 160 होतो. पाय मधल्या गटातून लांब गटात जातो, ऑयलरचे सूत्र लागू पडते आणि भार 31 टनांवरून 12 टनांवर येतो. टॉवर त्या दिवशी पडत नाही. शांत हवेत पायावर फारसा दाबच नसतो.

टॉवर तपासायला सूत्राची गरज नाही. बोल्टची छिद्रे रिकामी दिसतात का, चारही बाजूंची जाळी सारखी आहे का आणि पायाच्या कडेवरून नजर टाकली की ती सरळ धावते का, एवढे पाहायचे. लांब, सडपातळ दांडी वाकली तरी भार उतरल्यावर पुष्कळदा सरळ होते. मधल्या गटातला अँगल एकदा वाकला की वाकडाच राहतो, कारण त्याच्या कडांचे पोलाद सैल पडलेले असते. पायाच्या अँगलला असा कायमचा बाक दिसला तर वाऱ्याने एकदा त्याची मर्यादा गाठलेली असते. आणि जाळीतला एखादा अँगल नाहीसा दिसला तर लाइनमनला कळवायचे ते येणाऱ्या वादळाची वाट न पाहता.