हॉटेलचं लॉगिन एक, उपकरणं अनेक

हॉटेलचं वायफाय उपकरण ओळखतं ते बहुधा त्याच्या मॅक पत्त्यावरून. परवानगी एकालाच असेल, तर ती खिशात मावणाऱ्या ट्रॅव्हल राउटरला मिळवून द्यावी. राउटर रिपीटर मोडमध्ये हॉटेलच्या वायफायला जोडा, फोन राउटरला जोडा आणि लॉगिनच्या पानावर खोली क्रमांक व आडनाव भरा. पुढे फोन, लॅपटॉप, टॅब सगळे राउटरच्या आड राहतात; हॉटेलला एकच पत्ता दिसतो.

घोडं अडतं ते हे पानच न उघडल्यामुळे. राउटरवर व्हीपीएन किंवा स्वतः निवडलेला डीएनएस चालू असेल, तर हॉटेलला ते पान पुढे करता येत नाही. दोन्ही बंद करून `http://neverssl.com` उघडा. लॉगिन झालं की व्हीपीएन आठवणीने पुन्हा सुरू करा. वेग मात्र एकाच उपकरणाचा, तोच सगळ्यांत वाटला जातो. काही हॉटेलांत राउटरला मनाई असते, तेव्हा आधी रिसेप्शनवर विचारा.