डोळ्यांखालचं काळं : एकाच घरात तीन कारणं

पावसाळा संपता संपता इंदापूर तालुक्यातल्या एका वस्तीवर आम्ही रक्त तपासणीसाठी गेलो होतो. विहारात सतरंजी टाकून बसलो होतो. गर्दी ओसरल्यावर एक ताई मुलीला घेऊन पुढे आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "मॅडम, हिला बघायला पाव्हणं आलं हुतं. जाताना त्यांची बाई म्हनली, पोरगी आजारी असती काय? डोळ्याखाली बघा कसं काळं झालंय." मुलगी एकोणीस वर्षांची. मान खाली घालून बसली होती. ताईंनी पिशवीतून एक अर्धी संपलेली ट्यूब काढली. मेडिकलवाल्याने चिठ्ठीशिवाय दिलेली. तीन महिने त्या स्वतः लावत होत्या आणि दोन महिने मुलगी.

आम्ही मायलेकींना उजेडात आणलं. तेवढ्यात ताईंचे मालक मुलीला न्यायला आले, तर त्यांच्याही डोळ्यांखाली काळं. तिघांचं तीन प्रकारचं. पण घरात औषध एकच, ती ट्यूब. म्हणून या घराची गोष्ट सविस्तर सांगतो. आपल्या घरातल्या माणसाचा प्रकार कोणता, हे वाचणाऱ्याला आरशासमोर उभं राहून ओळखता यावं एवढ्यासाठी.

डोळ्याखालची कातडी अंगावरच्या सगळ्यात पातळ कातड्यांपैकी आहे. जाडी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. खाली चरबी जवळजवळ नाहीच. त्यामुळे तिथे काळं दिसायची मुख्य कारणं तीन. कातडीतच रंग जास्त साठणं, हे एक. पातळ कातडीतून खालच्या रक्तवाहिन्या निळसर-जांभळ्या दिसणं, हे दुसरं. आणि गाल व पापणी यांच्यामध्ये खोलगट भाग असल्यामुळे तिथे नुसती सावली पडणं, हे तिसरं. जागरण हे वेगळं चौथं कारण नव्हे. जागरणाने चेहरा फिका पडतो, डोळ्यांभोवती थोडी सूज येते, आणि या तिन्हींतलं जे असेल ते उठून दिसतं.

ओळखायची रीत सोपी आहे. दिवसाच्या उजेडात आरसा घ्या. बोटाने डोळ्याखालची कातडी हलकेच खाली ताणा. काळा-तपकिरी रंग तसाच राहिला तर तो कातडीतला रंग. ताणल्यावर निळं-जांभळं आणखी गडद झालं तर ते रक्तवाहिन्यांचं. मग तोंड वर आभाळाकडे करा किंवा समोरून बॅटरीचा उजेड पाडा. काळं बरंचसं नाहीसं झालं तर ती सावली होती. बऱ्याच जणांत दोन कारणं एकत्र असतात.

ताईंची कातडी ताणली, रंग जसाच्या तसा. तपकिरी, वरच्या पापणीवरही थोडा पसरलेला. आम्ही विचारलं, "ताई, डोळे खाजतात का?" त्या हसल्या. "खाजत्यात म्हंजे? सकाळी उठल्याबरुबर शिंका आन् डोळं चोळनं. रानात खुरपाय गेलं की जास्तच." रानात गाजरगवत, उसाच्या पाचटाची धूळ, आणि त्याच हाताने डोळे पुसणं. कातडी वर्षानुवर्षं चोळली की ती स्वतःला वाचवायला रंग जास्त तयार करते. वरून दिवसभराचं ऊन. म्हणजे ताईंचा आजार रंगाचा दिसतो, पण मूळ खाजेत आहे.

मग ट्यूब लावल्यावर आधी उजळलं कसं? ट्यूबवर बारीक अक्षरात नाव होतं क्लोबेटासोल. हे जोरदार स्टिरॉइड. स्टिरॉइडने खाज आणि आतली जळजळ लगेच दबते, रंगही थोडा उतरतो, म्हणून पहिल्या दोन-तीन आठवड्यांत "गुण आला" असं वाटतं. पण रोज लावत गेलं की तेच मलम कातडी पातळ करतं. बारीक लाल शिरा दिसू लागतात, पुळ्या येतात, उन्हात गेलं की चुणचुण होते. आणि बंद केलं की लाली व खाज दुप्पट होऊन परत येते, मग माणूस पुन्हा ट्यूब आणतो. ताई याच फेऱ्यात अडकल्या होत्या.

पापणीजवळ याहून मोठा धोका आहे. तिथली कातडी औषध पटकन शोषते आणि थोडं मलम डोळ्यातही उतरतं. महिनोन् महिने लावलं तर डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, मोतीबिंदूही लवकर येऊ शकतो. काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही. म्हणूनच 2018 साली केंद्र सरकारने अशी बरीच स्टिरॉइड मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत अशा यादीत घातली. तुमच्या घरातली ट्यूब उलटी करून वाचा. क्लोबेटासोल, बेटामेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी नाव असेल तर ते स्टिरॉइड. "गोरं करायची क्रीम" म्हणून मिळणाऱ्या तीन औषधांच्या मिश्रणातही यातलं एक बहुधा असतं.

मुलीची कातडी ताणली तर निळसरपणा गडद झाला. तोंड वर केल्यावर काळं निम्म्याने कमी झालं. म्हणजे तिचा प्रकार पातळ कातडी आणि सावली असा मिश्र. रंग नव्हताच. हे तिच्या आजीलाही होतं, असं ताई म्हणाल्या. आईबापाकडून नाक येतं तशी ही डोळ्याखालची ठेवणही येते. तिला रंग उतरवणारं कुठलंच मलम लागू पडणार नव्हतं. उलट दोन महिने स्टिरॉइड लावून मुळातली पातळ कातडी आणखी पातळ झाली, आणि शिरा जास्त दिसू लागल्या. काळं घालवायला आणलेल्या ट्यूबनेच काळं वाढवलं होतं.

आम्ही तिची खालची पापणी ओढून आतली बाजू बघितली. तिथे लाल गुलाबी दिसायला हवं, ते फिकट होतं. हिमोग्लोबिन निघालं 9.2. मुलीला किमान 12 हवं. रक्त कमी असलं की चेहरा फिका पडतो आणि डोळ्याखालच्या निळ्या शिरा त्यावर उठून दिसतात. पाव्हण्यांच्या त्या बाईने उणं काढायला म्हणून "आजारी असती काय" विचारलं असेल, पण रक्त खरंच कमी होतं. पाळी किती दिवस जाते, हे तोवर तिला कुणी विचारलं नव्हतं. सात-आठ दिवस जायची.

दादा टेकले, तेव्हा त्यांची झोप विचारली. ते दुसऱ्याच्या उसाला पाणी देतात. शेतीची थ्री फेज लाईट आठवड्यातले काही दिवस रात्रीच असते, त्यामुळे रात्रभर दारं मोडायची आणि सकाळी सहाला घरी येऊन पत्र्याखाली झोपायचं. नऊला उकाड्याने जाग. म्हणजे झोप तीन तास. त्यांना आम्ही एकच सांगितलं : दिवसा लाईटची पाळी असलेल्या आठवड्यात सलग तीन-चार रात्री सात तास झोपा आणि मग आरशात बघा. फरक पडला तर ते झोपेचं. त्यांचा फरक पडला. रात्रपाळीच्या आठवड्यासाठी एवढं ठरवलं की शेवटचा चहा रात्री एकच्या आत, आल्यावर खिडकीला जाड चादर, डोळ्यांवर गमजा, आणि दुपारी पुन्हा दोन-तीन तास झोप. बारामतीच्या एमआयडीसीत पाळी करणाऱ्यांनाही हेच लागू आहे.

मायलेकींना आम्ही उपजिल्हा रुग्णालयात ट्यूबसकट पाठवलं. बरेच महिने लावलेलं स्टिरॉइड कधी एकदम, कधी हळूहळू सोडवावं लागतं, ते डॉक्टर ट्यूब बघून ठरवतात. लाली परत येते तो काळ काही आठवड्यांचा असतो. तेवढा निभावला तर ट्यूब सुटते. ताईंना रात्री घ्यायची ॲलर्जीची गोळी मिळाली. रानातून आल्यावर आधी हात, मग तोंड साध्या पाण्याने धुवायचं. खाज आली की चोळायचं नाही, गार पाण्यात भिजवलेलं फडकं पाच मिनिटं ठेवायचं. रात्री मसुराच्या दाण्याएवढं पेट्रोलियम जेली. रानात पदर कपाळावर पुढे ओढून. काजळही तीन आठवडे बंद ठेवायला सांगितलं, कारण काहींना त्याचीच ॲलर्जी असते. रंग उतरवणारी हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइनसारखी औषधं खाज पूर्ण थांबल्यावर आणि त्वचेच्या डॉक्टरांनी दिली तरच. पोटुशी बाईने ट्रेटिनॉइन लावू नये.

मुलीला लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या आणि जास्त जाणाऱ्या पाळीवर वेगळे उपचार. गोळी चहासोबत घेतली तर लोह अंगी लागत नाही, म्हणून चहा आणि गोळीत एक-दोन तासांचं अंतर. लिंबूपाण्यासोबत घेतली तर चांगलं. पण लिंबू प्यायचं, डोळ्याखाली चोळायचं नाही. लिंबू लावून उन्हात गेलं तर कातडी भाजते आणि डाग पडतो. काकडी, बटाट्याची चकती गार असते म्हणून सूज थोडा वेळ उतरते, तेवढंच. रंग किंवा सावली त्याने जात नाही.

तीन महिन्यांनी आम्ही पुन्हा गेलो. ताईंची खाज थांबली होती, तपकिरी रंग निम्मा उतरला होता. पूर्ण जाईलच असं नाही, आणि जायला वर्षही लागतं. मुलीचं हिमोग्लोबिन 11.8 झालं होतं. निळसरपणा फिका झाला होता, सावली मात्र होती तशीच. ती हाडाची आणि चेहऱ्याची ठेवण आहे. मोठ्या शहरात सुई घेऊन तो खोलगटपणा भरून देतात, पण ते महाग, काही महिन्यांनी उतरणारं, आणि चुकीच्या हातात डोळ्याला धोका असलेलं काम आहे. मुलगी म्हणाली, "राहू दे मॅडम. आजीचं आहे ते."

काही खुणा दिसल्या तर मात्र आरशाची परीक्षा करत बसू नका, दवाखाना गाठा. सकाळी दोन्ही डोळ्यांभोवती सूज, सोबत पाय सुजणं किंवा लघवी कमी होणं, हे मूत्रपिंडाचं असू शकतं. एकाच डोळ्याखाली अचानक काळं-निळं येणं. आणि मलम लावत असताना नजर धूसर होणं किंवा दिव्याभोवती गोल कडं दिसणं. डॉक्टरांकडे जाताना ती ट्यूब सोबत न्यायला विसरू नका.