वीस टक्क्यांचं मशीन नको का झालं?

वाहनांचे सुटे भाग बनवणारी एक कंपनी डोळ्यांसमोर आणा. चाकणसारख्या औद्योगिक वसाहतीत अशा कितीतरी आहेत. आपल्या या कल्पनेतल्या कंपनीचे दोन विभाग आहेत, एक गिअरचा आणि दुसरा फोर्जिंगचा. गिअर विभागात कंपनीचे १० कोटी गुंतलेले आहेत आणि व्याज-कर धरण्याआधीचा त्याचा वर्षाचा नफा अडीच कोटी आहे. म्हणजे गुंतवणुकीवरचा परतावा २५ टक्के. विभागप्रमुखाचा बोनस आणि बढती याच आकड्यावर ठरते.

त्याच्या टेबलावर एक प्रस्ताव येतो. दोन कोटींचं नवं सीएनसी मशीन घ्यायचं. ते चार वर्षं चालेल आणि घसारा वजा जाता वर्षाला ४० लाख नफा देईल. पहिल्या वर्षाचा हिशेब केला तर दोन कोटींवर २० टक्के सुटतात. बँकेचं व्याज आणि भागधारकांची अपेक्षा एकत्र धरली तर कंपनीला भांडवल १५ टक्क्यांनी पडतं. पंधराने आणलेला पैसा वीस मिळवून देत असेल, तर मशीन घ्यायला हवं. तरीही विभागप्रमुख म्हणतो, "यंदा नको, पुढच्या वर्षी बघू."

त्याच्या जागी बसून बेरीज केली की कारण कळतं. मशीन आलं की भांडवल १२ कोटी होतं आणि नफा २ कोटी ९० लाख. परतावा २५ वरून २४.२ टक्क्यांवर येतो. कंपनीचा फायदा होतो, पण प्रमुखाच्या प्रगतिपुस्तकातले गुण कमी होतात. त्याची तुलना कंपनीच्या १५ टक्क्यांशी होतच नाही, ती होते त्याच्याच जुन्या २५ टक्क्यांशी. फलंदाज सरासरीपेक्षा कमी धावांवर बाद झाला की त्याची सरासरी खाली येते, मग त्या धावांनी सामना जिंकला असला तरी.

फोर्जिंग विभागात नेमकं उलट घडतं. तिथेही १० कोटी गुंतलेले आहेत, पण नफा फक्त एक कोटी, म्हणजे परतावा १० टक्के. तिथल्या प्रमुखासमोर दोन कोटींचाच प्रस्ताव आहे, पण नफा वर्षाला २६ लाखच, म्हणजे १३ टक्के. पंधराने आणलेल्या पैशाला हे परवडणारं नाही. पण विभागाचा परतावा १० वरून १०.५ टक्क्यांवर जातो, म्हणून प्रमुख आनंदाने सही करतो. एकाच कंपनीत चांगलं काम नाकारलं गेलं आणि तोट्याचं मंजूर झालं, तेही दोघांनी प्रामाणिकपणे आपापला आकडा सांभाळल्यामुळे.

हे मोजमाप काही कोणी घाईत केलेलं नव्हतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या ड्युपाँ कंपनीने ते रुजवलं. तिथल्या डोनाल्डसन ब्राउन यांनी परताव्याचे दोन भाग पाडले. विक्रीच्या रुपयामागे नफा किती राहतो हा एक, आणि भांडवलाच्या रुपयावर विक्री किती होते हा दुसरा. पुढे ब्राउन जनरल मोटर्समध्ये गेले आणि वेगवेगळ्या गाड्यांच्या विभागांवर मुख्यालयातून लक्ष ठेवायला हीच पद्धत वापरली गेली. लहान-मोठे विभाग एका ओळीत मांडायला टक्केवारी सोयीची असते. घोटाळा होतो तो याच टक्केवारीवरून नवी गुंतवणूक ठरवायला गेलं की.

त्यावरचा उपाय म्हणजे अवशिष्ट उत्पन्न, इंग्रजी नावाने रेसिड्युअल इन्कम. १९५० च्या दशकात अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकने विभागांसाठी ते वापरलं. यात टक्केवारी काढायचीच नाही. विभागाच्या नफ्यातून त्याने वापरलेल्या भांडवलाचं भाडं वजा करायचं आणि उरेल ते रुपयांत मांडायचं. हे भाडं वह्यांत कुठे दिसत नाही, ते मोजण्यापुरतं लावलेलं असतं. म्हणूनच नफा व्याज वजा करण्याआधीचा घ्यायचा, नाहीतर व्याज दोनदा कापलं जातं.

आता तेच आकडे पुन्हा घेऊ. गिअर विभागाचा नफा अडीच कोटी, १० कोटींवर १५ टक्क्यांनी भाडं दीड कोटी, उरला एक कोटी. मशीन घेतल्यावर नफा २.९० कोटी, भाडं १.८० कोटी, उरतात १.१० कोटी. दहा लाखांची वाढ दिसते, आता प्रमुख सही करेल. फोर्जिंगचं अवशिष्ट उत्पन्न आधीच ५० लाखांनी उणे आहे. नव्या प्रस्तावानंतर ते ५४ लाखांनी उणे होतं, म्हणून तिथला प्रमुख थांबेल. प्रत्येकाने आपलाच आकडा सांभाळला, पण आता दोघांचाही निर्णय कंपनीच्या हिताचा ठरला.

तरी एक गाठ उरतेच, ती घसाऱ्याची. मशीन दरवर्षी ५० लाखांनी घसरतं, त्यामुळे वर्षाच्या सुरुवातीची त्याची पुस्तकी किंमत २ कोटी, दीड कोटी, एक कोटी आणि ५० लाख अशी उतरत जाते. नफा मात्र ४० लाखच राहतो. मग त्याच मशीनवरचा परतावा २० टक्के, २६.७, ४० आणि शेवटी ८० टक्के दिसतो. मशीन तेच, माणसं तीच, नुसतं वय वाढलं. एखाद्या विभागाचा परतावा दरवर्षी चढत असेल आणि खरेदीच्या यादीत नवं काही नसेल, तर आधी त्याची यंत्रं किती जुनी आहेत ते बघावं. गिअर विभागाच्या २५ टक्क्यांतही जुन्या यंत्रांचा वाटा असू शकतो.

अवशिष्ट उत्पन्नही यातून सुटत नाही. समजा ऑर्डर कमी आल्या आणि मशीनचा नफा वर्षाला २५ लाखच राहिला. पहिल्या वर्षी दोन कोटींचं भाडं ३० लाख, म्हणजे ५ लाख उणे. दुसऱ्या वर्षी अडीच लाख अधिक, तिसऱ्या वर्षी १० लाख आणि चौथ्या वर्षी साडेसतरा लाख. हे चारही आकडे १५ टक्के दराने आजच्या किमतीत आणून बेरीज केली तर सुमारे १४ लाख येतात. मशीनमधून दरवर्षी हाती येणारे ७५ लाख रोख आजच्या किमतीत आणून त्यातून दोन कोटी वजा केले, तरीही तेच १४ लाख मिळतात. म्हणजे प्रकल्प घेण्याजोगाच आहे. पण ज्या प्रमुखाची वर्षभरात बदली होणार आहे, त्याच्या वाट्याला फक्त उणे पाच येतात. वरचे साडेसतरा त्याच्यानंतर येणाऱ्याच्या नावावर जमा होतात.

म्हणून निर्णय आणि मोजमाप यांची सांगड घालावी लागते. मशीन घ्यायचं की नाही हे त्याच्या पूर्ण आयुष्यातली रोख आजच्या किमतीत मोजून ठरवावं. मंजुरी देतानाच चारही वर्षांचं अपेक्षित अवशिष्ट उत्पन्न फाईलला लावून ठेवावं आणि प्रमुखाला दरवर्षी त्या ठरलेल्या आकड्याशी तोलावं. पहिल्या वर्षी उणे पाच ठरलेले असताना उणे तीन आले, तर ते चांगलं काम आहे. विभागांची आपसात तुलना मात्र अवशिष्ट उत्पन्नावरून करू नये, कारण शंभर कोटींच्या विभागाला एक कोटी शिल्लक दाखवणं दहा कोटींच्या विभागापेक्षा कितीतरी सोपं असतं. आणि भाड्याचा दरही सरसकट नसावा. स्थिरावलेल्या गिअरच्या धंद्याला १५ टक्के पुरत असतील, पण अनिश्चित नव्या उत्पादनाला जास्त लागतील. दर दोन टक्क्यांनी चुकला तरी अधिकचं उणे होऊ शकतं.

गिअर विभागाची बाजूला पडलेली फाईल हलवायची असेल, तर प्रमुखाला उपदेश करून भागणार नाही. त्याच्या प्रगतिपुस्तकात २५ टक्क्यांच्या जागी एक कोटी दहा लाख लिहिले की ती आपोआप टेबलावर परत येईल.